सेंद्रिय संयुगांचे नामकरण: मुख्य साखळी कशी निवडावी आणि क्रमांक कोणत्या टोकापासून द्यावेत

सेंद्रिय संयुगाचे पद्धतशीर नाव म्हणजे त्याच्या रेणूच्या रचनेचे शब्दांत केलेले वर्णन असते, आणि ते वाचून दुसऱ्या कोणालाही नेमकी तीच रचना कागदावर उतरवता आली पाहिजे. १८९२ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत या पद्धतीचा पाया घातला गेला आणि पुढे आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने तिचे नियम वेळोवेळी सुधारले. या लेखात वलये बाजूला ठेवून केवळ उघड्या साखळीच्या संयुगांचा विचार केला आहे, कारण विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका याच ठिकाणी होतात आणि त्या नियम माहीत नसल्यामुळे नव्हे, तर नियम चुकीच्या क्रमाने लावल्यामुळे होतात.

हा क्रम असा आहे. प्रथम मुख्य क्रियात्मक गट ठरवायचा, मग त्या गटाला सामावून घेणारी मुख्य साखळी निवडायची, नंतर त्या साखळीला कोणत्या टोकापासून क्रमांक द्यायचे हे ठरवायचे आणि सर्वांत शेवटी बाजूच्या गटांची नावे वर्णानुक्रमे मांडायची. मुख्य साखळीला काही पाठ्यपुस्तकांत जनक शृंखला म्हणतात. नाव कोणतेही वापरले तरी तिची निवड पक्की होण्यापूर्वी कार्बनवर एकही आकडा लिहू नये. आधी आकडे लिहिले, की नजर त्याच साखळीला चिकटून राहते आणि दुसरी, अधिक योग्य साखळी समोर असूनही दिसत नाही.

कागदावरची सरळ रेघ आणि रेणूची साखळी

प्रश्नात बहुधा संक्षिप्त सूत्र दिलेले असते. ते जसेच्या तसे वाचून नाव देण्याचा प्रयत्न न करता आधी केवळ कार्बनचा सांगाडा काढून घ्यावा, कारण छापील सूत्रात जो भाग सरळ आडवा दिसतो तीच सर्वांत लांब साखळी असते असे मुळीच नाही. एकेरी बंधाभोवती रेणूचे भाग फिरू शकतात, त्यामुळे वर किंवा खाली काढलेली शाखा हादेखील साखळीचाच भाग असू शकतो. सांगाडा काढला, की प्रत्येक टोकाचा कार्बन ओळखावा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा प्रत्येक मार्ग मोजावा. तीन टोके असतील तर तीन मार्ग आणि चार टोके असतील तर सहा मार्ग होतात. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते एकदाच करावे लागते.

अल्केनच्या बाबतीत चूक पकडण्याची एक सोपी खूणही आहे. समजा, तुमच्या नावात ‘२-इथिल’ असे आले. दुसऱ्या कार्बनच्या अलीकडे साखळीचा एकच कार्बन उरतो आणि इथिल शाखेत तर दोन कार्बन आहेत, म्हणजे साखळी त्या शाखेतून वळवली असती तर ती एका कार्बनने लांब झाली असती. त्यामुळे अल्केनच्या नावात ‘२-इथिल’, ‘१-मिथिल’ किंवा ‘३-प्रोपिल’ दिसले, की नाव चुकले आहे हे पुढे काही न पाहता सांगता येते. ‘३-इथिल’ मात्र शक्य असते. तिथे शाखेची लांबी आणि साखळीच्या त्या बाजूच्या टोकाची लांबी सारखी होते, म्हणून तितक्याच लांबीची आणखी एक साखळी तिथे निश्चित असते आणि दोहोंपैकी कोणती घ्यायची हा प्रश्न उभा राहतो.

समान लांबीच्या दोन साखळ्या

या प्रश्नाचे उत्तर पुढील रेणूवर तपासून पाहता येईल.

```
CH3-CH(CH3)-CH(CH2CH3)-CH2-CH2-CH3
```

डावीकडच्या टोकापासून उजवीकडे सरळ मोजले तर सहा कार्बन होतात. इथिल शाखेच्या टोकापासून सुरुवात करून उजवीकडे गेले तरीही सहाच होतात. पहिल्या साखळीवर दुसऱ्या कार्बनला एक मिथिल आणि तिसऱ्याला एक इथिल असे दोन गट बाहेर राहतात. दुसऱ्या साखळीवर मात्र तिसऱ्या कार्बनला तीन कार्बनचा, स्वतःच फाटे फुटलेला असा एकच गट राहतो. लांबी समान असेल तेव्हा जिच्यावर प्रतियोजी गट, म्हणजे हायड्रोजनच्या जागी बसलेले गट, संख्येने जास्त असतील ती साखळी मुख्य मानावी, असा नियम आहे. म्हणून या संयुगाचे नाव ३-इथिल-२-मिथिलहेक्झेन असे होते. ३-आयसोप्रोपिलहेक्झेन हे नाव वाचूनही तोच रेणू काढता येतो, पण ते नियमाला धरून नाही.

या नियमामागचा विचार समजून घेतला तर तो लक्षात ठेवण्याची गरज उरत नाही. जास्त गट बाहेर राहिले, म्हणजे प्रत्येक गट लहान आणि साधा होतो, आणि नावात कंसातले उपनाव घालण्याची वेळ कमीत कमी येते.

मुख्य गट असेल तर लांबी मागे पडते

आता ज्या रेणूत क्रियात्मक गट आहे तो घेऊ. प्लॅस्टिक मऊ ठेवणारी द्रव्ये बनवण्यासाठी उद्योगात मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे एक अल्कोहोल असे आहे.

```
CH3-CH2-CH2-CH2-CH(CH2CH3)-CH2-OH
```

केवळ कार्बन मोजले तर सर्वांत लांब साखळी सात कार्बनची आहे. ती डाव्या टोकापासून निघते आणि इथिल शाखेतून बाहेर पडते. पण त्या साखळीत ज्या कार्बनला OH जोडला आहे तो कार्बनच येत नाही. मुख्य क्रियात्मक गट ज्या कार्बनवर आहे तो मुख्य साखळीत असलाच पाहिजे, ही अट लांबीच्या अटीपेक्षा वरची आहे. म्हणून सात कार्बनची साखळी सोडून सहा कार्बनची घ्यावी लागते. OH असलेल्या कार्बनला १ क्रमांक मिळतो, इथिल २ वर येते आणि नाव होते २-इथिलहेक्झेन-१-ऑल. थोड्या वेळापूर्वी ‘२-इथिल’ ही चुकीची खूण म्हटली होती, ती केवळ अल्केनपुरती होती, हे इथे ध्यानात येईल. मुख्य गटाच्या अटीमुळे साखळी आखूड घ्यावी लागली असेल तर ‘२-इथिल’ अगदी बरोबर असते.

एकाच रेणूत दोन किंवा अधिक क्रियात्मक गट असतील तर त्यांतला मुख्य कोणता हे ज्येष्ठतेच्या ठरलेल्या यादीवरून पाहावे. शालेय आणि महाविद्यालयीन पातळीवर वारंवार लागणारा भाग असा आहे: कार्बॉक्झिलिक आम्ल सर्वांत ज्येष्ठ, त्यानंतर एस्टर, आम्ल हॅलाइड, अमाइड, नायट्राइल, अल्डिहाइड, कीटोन, अल्कोहोल आणि अमाइन. यांतला जो गट सर्वांत वरचा असेल त्यालाच प्रत्यय मिळतो, बाकीचे सर्व उपसर्ग होऊन नावाच्या पुढच्या भागात जातात. कीटोन आणि अल्कोहोल एकत्र असतील तर ‘ओन’ हा प्रत्यय कीटोनला मिळतो आणि OH चा उल्लेख ‘हायड्रॉक्सी’ असा होतो. एका नावात ‘ओन’ आणि ‘ऑल’ दोन्ही प्रत्यय एकदम आले, तर ते नाव चूक आहे.

हॅलोजन, नायट्रो आणि अल्कॉक्सी हे गट या यादीत मुळीच नाहीत. त्यांना प्रत्यय नसतो, ते नेहमी उपसर्ग म्हणूनच येतात आणि त्यांचा दर्जा मिथिल किंवा इथिल शाखेइतकाच असतो. हा मुद्दा क्रमांक देताना फार महत्त्वाचा ठरतो, म्हणून त्याकडे पुन्हा वळावे लागेल.

क्रमांक देणे: बेरीज करू नये

साखळी ठरली, की तिला दोनच प्रकारे क्रमांक देता येतात, या टोकापासून किंवा त्या टोकापासून. दोन्ही प्रकारे क्रमांक देऊन, मिळालेले स्थानांक चढत्या क्रमाने दोन ओळींत लिहून त्यांची तुलना करावी. तुलना करण्याची रीत अनेक ठिकाणी चुकीची शिकवली जाते. ज्या ओळीतील आकड्यांची बेरीज कमी ती ओळ घ्यावी, असे सांगितले जाते. सोप्या उदाहरणांत या रीतीने उत्तर बरोबर येते आणि म्हणूनच ती टिकून राहिली आहे, पण नियम तसा नाही. पुढील रेणू पाहावा.

```
CH3-CH(CH3)-CH2-CH2-CH2-CH2-CH(CH3)-CH(CH3)-CH2-CH3
```

मुख्य साखळी दहा कार्बनची आहे आणि तिच्यावर तीन मिथिल गट आहेत. डावीकडून क्रमांक दिले तर स्थानांक २, ७, ८ येतात. उजवीकडून दिले तर ३, ४, ९ येतात. पहिल्या ओळीची बेरीज १७ आणि दुसरीची १६ होते, त्यामुळे बेरजेच्या रीतीने ३,४,९-ट्रायमिथिलडेकेन हे उत्तर मिळेल, आणि ते चूक आहे. खरा नियम पहिल्या फरकाचा आहे. दोन्ही ओळींतले पहिले आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत. ते सारखे असतील तर दुसरे पाहावेत. जिथे प्रथम फरक आढळेल तिथे लहान आकडा असलेली ओळ जिंकते आणि त्यापुढचे आकडे पाहायचेच नसतात. इथे पहिल्याच ठिकाणी २ आणि ३ असा फरक आहे, २ लहान आहे, म्हणून नाव २,७,८-ट्रायमिथिलडेकेन. पुढचे ७ आणि ८ कितीही मोठे वाटले तरी त्यांचा निर्णयाशी संबंध नाही. शब्दकोशात दोन शब्दांचा क्रम जसा पहिल्या वेगळ्या अक्षरावर ठरतो, तशीच ही तुलना आहे.

पण ही तुलना नेमकी कोणत्या स्थानांकांची करायची, हे आधी ठरावे लागते, आणि इथे पुन्हा एक उतरंड आहे. लहान क्रमांकावर पहिला हक्क मुख्य क्रियात्मक गटाचा असतो. त्याच्या बाबतीत दोन्ही टोके सारखी ठरली, किंवा तसा गटच नसला, तर दुहेरी आणि तिहेरी बंधांचे स्थानांक एकत्र घेऊन पाहावेत. तिथेही बरोबरी झाली आणि एक बंध दुहेरी व दुसरा तिहेरी असेल, तर लहान आकडा दुहेरी बंधाला द्यावा. तेही निर्णायक ठरले नाही, तर सर्व उपसर्गांचे स्थानांक एकत्र, म्हणजे मिथिल, क्लोरो, नायट्रो असा भेद न करता, तुलनेला घ्यावेत. आणि इथेही दोन्ही ओळी तंतोतंत सारख्या निघाल्या, तरच वर्णानुक्रमात जो उपसर्ग आधी येतो त्याला लहान आकडा द्यावा.

शेवटच्या दोन पायऱ्यांची अदलाबदल ही फार रुळलेली चूक आहे. हॅलोजन असलेला कार्बन दिसला, की त्याच टोकापासून मोजायला सुरुवात करण्याची सवय लागते. पुढच्या दोन रेणूंची तुलना करावी.

```
CH3-CH(CH3)-CH2-CHCl-CH3
CH3-CH(CH3)-CH2-CHCl-CH2-CH3
```

पहिल्या रेणूच्या मुख्य साखळीत पाच कार्बन आहेत आणि कोणत्याही टोकापासून मोजले तरी स्थानांक २ आणि ४ असेच येतात. बरोबरी झाली, म्हणून वर्णानुक्रमाने निर्णय होतो, क्लोरो मिथिलच्या आधी येते, त्याला २ मिळतो आणि नाव २-क्लोरो-४-मिथिलपेंटेन होते. दुसऱ्या रेणूत केवळ एक कार्बन वाढला आहे, पण त्याने चित्र पालटते. डावीकडून स्थानांक २ आणि ४ येतात, उजवीकडून ३ आणि ५. इथे बरोबरी नाहीच, त्यामुळे वर्णानुक्रमाला विचारण्याचे कारण नाही. क्लोरीनला मोठा आकडा मिळाला तरी चालेल, नाव ४-क्लोरो-२-मिथिलहेक्झेन. लिहिताना क्लोरो आधी लिहिले जाते आणि तरीही त्याचा आकडा मोठा असतो, यात विसंगती नाही, कारण लिहिण्याचा क्रम आणि क्रमांकांचा हक्क या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

गवती चहातील सिट्रल: एक संपूर्ण उदाहरण

गवती चहाच्या तेलाला जो लिंबासारखा वास असतो तो मुख्यतः सिट्रल या संयुगामुळे येतो. त्याचे नाव शोधताना वरील जवळजवळ प्रत्येक निर्णय घ्यावा लागतो, म्हणून ते सावकाश पाहू.

```
(CH3)2C=CH-CH2-CH2-C(CH3)=CH-CHO
```

प्रथम क्रियात्मक गट. उजव्या टोकाला CHO आहे, म्हणजे अल्डिहाइड. दुहेरी बंध दोन आहेत, पण त्यांचा उल्लेख ज्येष्ठतेच्या यादीतून नव्हे, तर साखळीच्या नावातून होतो. मुख्य गट अल्डिहाइड, म्हणून प्रत्यय ‘अॅल’.

मग साखळी. CHO मधील कार्बन साखळीतच मोजायचा असतो. तो विसरला तर आठाऐवजी सात कार्बन होतात आणि सगळेच नाव बिघडते. उजवीकडून मोजत गेले तर CHO हा पहिला, पुढचा CH दुसरा, मिथिल असलेला कार्बन तिसरा, दोन CH₂ म्हणजे चौथा आणि पाचवा, CH सहावा, आणि डावीकडचा, दोन CH₃ असलेला कार्बन सातवा. त्या दोन CH₃ पैकी कोणताही एक साखळीचा आठवा कार्बन होतो आणि दुसरा शाखा म्हणून बाहेर राहतो. दोन्ही सारखेच असल्यामुळे कोणता निवडला याने फरक पडत नाही. साखळी आठ कार्बनची, तिच्यात मुख्य गट आहे आणि दोन्ही दुहेरी बंधही आहेत.

आता क्रमांक, आणि इथेच हे उदाहरण उपयोगी ठरते. उजवीकडून क्रमांक दिले तर दुहेरी बंध २ आणि ६ वर येतात, मिथिल गट ३ आणि ७ वर. डावीकडून दिले तर दुहेरी बंध पुन्हा २ आणि ६ वरच येतात, पण मिथिल गट २ आणि ६ वर. ज्याची नजर फक्त शाखांवर आहे त्याला डावीकडची बाजू आकर्षक वाटेल, कारण २, ६ ही ओळ ३, ७ पेक्षा लहान आहे, आणि दुहेरी बंधांची तर बरोबरीच झाली आहे. पण डावीकडून मोजल्यास अल्डिहाइडचा कार्बन ८ वर जातो. पहिला हक्क त्याचा आहे आणि १ विरुद्ध ८ या तुलनेत निर्णय तिथेच संपतो. दुहेरी बंध आणि मिथिल यांच्याकडे पाहण्याची वेळच येत नाही.

नाव जुळवताना आठ कार्बनसाठी ‘ऑक्ट’, दोन दुहेरी बंधांसाठी २,६ या स्थानांकांसह ‘डायईन’, अल्डिहाइडसाठी ‘अॅल’ आणि पुढे ३,७-डायमिथिल असे भाग एकत्र येतात. ‘डाय’ व्यंजनाने सुरू होत असल्यामुळे उच्चार सुलभ व्हावा म्हणून ‘ऑक्ट’चे ‘ऑक्टा’ होते. अल्डिहाइडचा कार्बन साखळीच्या टोकालाच असू शकतो आणि त्याचा क्रमांक नेहमी १ असतो, म्हणून तो आकडा लिहीत नाहीत. नाव तयार होते ३,७-डायमिथिलऑक्टा-२,६-डायइनॅल, आणि रासायनिक माहितीसंग्रहात शोधताना ते असे टंकावे लागते:

```
3,7-dimethylocta-2,6-dienal
```

या नावातही एक गोष्ट राहून गेली आहे. २ क्रमांकाच्या दुहेरी बंधाभोवती गटांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते आणि नैसर्गिक सिट्रल हे या दोन रूपांचे मिश्रण असते. CHO आणि लांब कार्बन साखळी बंधाच्या विरुद्ध बाजूंना असतील तर नावाच्या आधी (2E) लिहितात आणि त्या रूपाला जेरॅनिअल म्हणतात. एकाच बाजूला असतील तर (2Z) लिहितात आणि त्याला नेरॅल म्हणतात. ६ क्रमांकाच्या बंधाला असा भेद संभवत नाही, कारण सातव्या कार्बनवरचे दोन्ही गट मिथिलच आहेत.

उपसर्गांचा क्रम आणि मराठी माध्यमातील एक अडचण

उपसर्ग वर्णानुक्रमे लिहायचे असतात, पण तो क्रम इंग्रजी मुळाक्षरांचा आहे. मराठीतून नाव लिहिणाऱ्याने देवनागरीचा क्रम लावला तर ‘इथिल’ हा स्वराने सुरू होणारा शब्द सर्वांत आधी, मग ‘क्लोरो’, ‘ब्रोमो’ आणि ‘मिथिल’ असा क्रम येईल. खरा क्रम ब्रोमो, क्लोरो, इथिल, मिथिल असा आहे, कारण त्यांची इंग्रजी आद्याक्षरे अनुक्रमे बी, सी, ई आणि एम आहेत. उत्तर देवनागरीत लिहायचे असले तरी क्रम ठरवताना इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांसमोर ठेवावे लागते.

‘डाय’, ‘ट्राय’, ‘टेट्रा’ हे संख्यादर्शक भाग क्रम ठरवताना धरले जात नाहीत. म्हणून ४-इथिल-३,३-डायमिथिलहेप्टेन या नावात इथिल आधी येते. डायमिथिल ‘डी’ने सुरू होत असले तरी त्याचा क्रम ‘एम’प्रमाणे लागतो. ‘टर्ट-ब्युटिल’मधील ‘टर्ट’ आणि ‘सेक-ब्युटिल’मधील ‘सेक’ हेदेखील सोडून द्यावेत, दोन्ही ‘बी’खाली येतात, ‘आयसोप्रोपिल’ मात्र संपूर्ण शब्द धरून ‘आय’खाली जाते.

शाखेलाच शाखा फुटली असेल तर त्या शाखेचे स्वतंत्र नाव करून ते कंसात ठेवावे लागते. शाखेचे क्रमांक मुख्य साखळीला जोडलेल्या कार्बनपासून १ असे सुरू होतात आणि मुख्य साखळीच्या क्रमांकांशी त्यांचा संबंध नसतो. अशा कंसातल्या नावाचा वर्णानुक्रम लावताना त्यातील पहिले अक्षर जसे आहे तसे धरतात. त्यामुळे (१,२-डायमिथिलप्रोपिल) हा गट ‘डी’खाली येतो, कारण तिथे ‘डाय’ हा त्या गटाच्या नावाचाच भाग आहे. नवीन शिफारशींनुसार आयसोप्रोपिलला ‘प्रोपेन-२-इल’ असे लिहिणे पसंत केले जाते.

विरामचिन्हांचे नियम थोडके आहेत. दोन आकड्यांमध्ये स्वल्पविराम, आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये संयोगचिन्ह, आणि शेवटचा उपसर्ग मुख्य नावाला सलग जोडलेला. एकाच कार्बनवर दोन सारखे गट असतील तर आकडा दोनदा लिहावा. ‘३-डायमिथिल’ असे लिहिले तर दुसरे मिथिल कुठे आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही.

नाव बरोबर आहे का, हे तपासणे

तपासण्याची खात्रीची रीत म्हणजे मूळ सूत्र झाकून, केवळ नावावरून रचना पुन्हा काढणे आणि मग अणूंची मोजणी करणे. सिट्रलच्या नावात ऑक्टाचे आठ आणि दोन मिथिलचे दोन मिळून दहा कार्बन आहेत. दहा कार्बनच्या, दुहेरी C=C बंध नसलेल्या अल्डिहाइडचे सूत्र C₁₀H₂₀O असते आणि प्रत्येक C=C बंधामागे दोन हायड्रोजन कमी होतात, म्हणजे C₁₀H₁₆O. दिलेल्या सूत्रातील अणू मोजले तरी हेच मिळते. कार्बन एकाने कमी भरला, तर बहुधा CHO किंवा COOH मधील कार्बन साखळीत मोजायचा राहिला आहे. हायड्रोजन जुळत नसतील, तर एखाद्या कार्बनवर पाच बंध पडले आहेत का ते पाहावे.

ही मोजणी साखळीची चूक मात्र दाखवत नाही. ३-आयसोप्रोपिलहेक्झेन आणि ३-इथिल-२-मिथिलहेक्झेन या दोन्ही नावांवरून C₉H₂₀ हेच सूत्र आणि तोच रेणू मिळतो. त्यासाठी नावाकडे दुसऱ्या नजरेने पाहावे लागते: कंसातला गट आला असेल, किंवा एखाद्या शाखेची लांबी तिच्या जवळच्या टोकाइतकी असेल, तर दुसरी साखळी अधिक योग्य आहे का हे पुन्हा मोजावे.

एकाच संयुगाची दोन नावे आढळली तर

मुख्य साखळी निवडताना लांबी आधी पाहायची की दुहेरी बंध, याचे उत्तर काळाप्रमाणे बदलले आहे. पुढील संयुग घ्यावे.

```
CH3-CH2-C(=CH2)-CH2-CH2-CH3
```

अकरावी-बारावीच्या पातळीवर रुळलेल्या जुन्या नियमानुसार दुहेरी बंध साखळीत आलाच पाहिजे. तो घेणारी सर्वांत लांब साखळी पाच कार्बनची आहे आणि नाव २-इथिलपेंट-१-ईन होते. आययूपीएसीच्या २०१३ च्या शिफारशींनी मात्र लांबीला दुहेरी बंधापेक्षा वरचे स्थान दिले. त्यानुसार सहा कार्बनची साखळी मुख्य ठरते, दुहेरी बंधाने जोडलेला CH₂ हा ‘मिथिलिडीन’ नावाचा गट होतो आणि नाव ३-मिथिलिडीनहेक्झेन असे लिहिले जाते. मुख्य क्रियात्मक गटाची अट दोन्ही पद्धतींत लांबीच्या वरच आहे, त्यामुळे २-इथिलहेक्झेन-१-ऑलसारख्या नावांवर या बदलाचा परिणाम होत नाही.

स्थानांक कुठे लिहायचा याबाबतही असाच फरक जुन्या आणि नव्या पुस्तकांत दिसतो. पूर्वी २-ब्युटीन लिहीत. १९९३ च्या शिफारशींपासून आकडा ज्या भागाचा आहे त्याच्या लगेच आधी लिहितात, म्हणजे ब्युट-२-ईन. परीक्षेसाठी लिहिताना आपल्या अभ्यासक्रमाचे पुस्तक ज्या रीतीने साखळी निवडते तीच रीत धरावी. माहितीसंग्रहात किंवा शोधनिबंधात त्याच संयुगाचे वेगळे नाव आढळले, तर आधी दोन्ही नावांवरून रचना काढून ती एकच आहे का ते पाहावे आणि मग फरक साखळीच्या निवडीत आहे की केवळ आकडा लिहिण्याच्या जागेत, हे तपासावे.